थंड पावसात पाय: ओव्हरशू, टो कव्हर की वॉटरप्रूफ मोजे?

त्र्यंबकरोड (१८ जून, रात्री १०:४०)
मंडळी, थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी स्कॉटलंडला ताईकडे जातोय, इनव्हर्नेसजवळ राहते. दाजी सायकलवाले आहेत, त्यांनी तिकडची एक २०० किमीची राइड माझ्याही नावाने भरून टाकली. म्हणाले हवा ६-७ डिग्री आणि दिवसभर पाऊस असंच धरून ये, बाकी काय निघालं तर बोनस.
आता माझा थंड पावसाचा अनुभव म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये केलेली नाशिक-कसारा-नाशिक. घोटीच्या पुढे जो लागला तो कसाऱ्याला जाऊन परत येईपर्यंत थांबला नाही. मोजे पिळले तर चहाचा कप भरला असता. घाट चढताना काही नाही, पण इगतपुरीला थांबून परत निघालो तर बोटं आहेत की नाहीत तेच कळेना, आणि तेव्हा हवा होती २० डिग्री! तर ६ डिग्रीला काय होईल?
टो कव्हर आहेत माझ्याकडे, सेलमध्ये घेतलेली, अजून टॅगसकट पडून आहेत. बजेट एकाच गोष्टीचं आहे, बुटावरून चढवायचे ओव्हरशू किंवा वॉटरप्रूफ मोजे. काय घेऊ? की टो कव्हरवर भागेल?

अर्धा_कटिंग (१८ जून, रात्री १०:५२)
स्कॉटलंडला जाऊन सायकलने पाय बधीर करणारा तू पहिलाच. बाकीचे लोक तिथे बाटलीने करतात.

सिडकोवाला (१८ जून, रात्री ११:१५)
अहो ते सिलिकॉनचे शू कव्हर मिळतात ना, बुटावर मोज्यासारखे ओढायचे, मी स्कूटरवर ऑफिसला जाताना दोन पावसाळे वापरले, तीनशेच्या आत काम. बूट कोरडा खडखडीत. एवढा विचार कशाला?

घाटमाथा (१९ जून, सकाळी ६:०५)
तीस वर्षं झाली सायकल चालवतोय, पावसाळ्यात सँडल. पाणी आलं, पाणी गेलं. मोजेच नाहीत तर भिजणार काय? इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे पाय कोरडे ठेवायचं म्हणजे गोदावरीला छत्री धरणं. ही सगळी दुकानदारी आहे.

त्र्यंबकरोड (१९ जून, सकाळी ८:३०)
@सिडकोवाला, ते कव्हर सोलसकट सगळा बूट झाकतं, माझं बुटाच्या तळाचं क्लीट पेडलमध्ये अडकणार कसं?
@घाटमाथा काका, भावलीपर्यंत मान्य. पण ६ डिग्रीला सँडल?

लीड्सहून_नाशिककर (१९ जून, दुपारी ३:२०)
मूळचा इंदिरानगरचा, अकरा हिवाळे यॉर्कशायरमध्ये सायकलवर काढलेत, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.
आधी एक गोष्ट. नाशिकचा पाऊस आणि तिकडचा पाऊस हे दोन वेगळे आजार आहेत, एकच गोळी चालत नाही. २२ डिग्रीला पाय ओला झाला तर त्रास होतो तो कातडीचा. पांढरी पडते, सुरकुतते, मग घासून सोलते. घाटमाथा काकांचं सँडल तिथे एकदम बरोबर आहे, मी नाशकात असतो तेव्हा तेच करतो. ६ डिग्रीला त्रास होतो तो उष्णता जाण्याचा, कारण पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि वरून तुम्ही ताशी २५ ने वारा अंगावर घेताय. पाय कोरडा हवा हे लक्ष्यच नाही, तो मिळतच नाही. लक्ष्य आहे पाय ऊबदार हवा, आणि ओला असला तरी त्यातलं पाणी सारखं बदलत राहता कामा नये. आत एकदा तापलेलं पाणी आतच राहिलं तर फार त्रास होत नाही, दर मिनिटाला नवीन थंडगार पाणी आलं की संपलं.
यावरून ओव्हरशूचे दोन प्रकार कळतील. एक निओप्रीनचा, जाड, ३ ते ५ मिमी. दुसरा पातळ कापडावर कोटिंग केलेला, रेनकोटसारखा. पातळवाला पाणी जास्त वेळ अडवतो पण त्यात ऊब काहीच नाही, मी तो १२ डिग्रीच्या वर वापरतो. ६ डिग्रीला निओप्रीन.
टो कव्हर म्हणजे बुटाच्या पुढच्या जाळीला लावलेलं दार. वारा अडवतं, बस. कोरड्या थंडीत झकास, पण तासभर पाऊस लागला की पाणी जिभेवरून, लेसवरून आत येतं आणि पुढे बोटांशी जाऊन बसतं.

पेडल_पंडित (१९ जून, संध्या ७:१०)
लीड्सकरांशी थोडा असहमत. निओप्रीन वॉटरप्रूफच असतं, पाणबुडे तेच घालून समुद्रात उतरतात. म्हणजे ओव्हरशूत पाणी शिरायचं कारण फक्त स्वस्त माल.
पण माझं मत वॉटरप्रूफ मोजे. माझ्याकडे आहेत, मनाली-लेहला वापरले. तीन थर असतात, बाहेर नायलॉनची वीण, मध्ये पडदा, आत मेरिनो लोकर. पडदा ब्रीद करतो, घाम बाहेर जातो, पाणी आत येत नाही. नाले ओलांडताना बाकीच्यांचे बूट-मोजे सगळं भिजलं, माझे पाय कोरडे. ओव्हरशू घालून नाल्यात उतरून दाखवा.

लीड्सहून_नाशिककर (१९ जून, रात्री ९:४५)
नाल्याचं शंभर टक्के मान्य. सायकलवरून उतरून चालायचं असेल तर मोजाच. ओव्हरशू घालून दोन किलोमीटर चाललात तर त्याच्या तळाची चाळण होते.
पाणबुड्यांच्या सूटचं मात्र उलटं आहे. तो सूट ओलाच असतो. आत पाण्याचा पातळ थर जातो, अंगाने तापतो आणि तिथेच अडकतो, त्याने ऊब राहते. मी वर तेच म्हणत होतो. पाणी अजिबात आत येऊ न देणारे सूट पाणबुड्यांकडे असतात, पण ते वेगळे आणि त्यांचा गळा आवळून बंद केलेला असतो. ओव्हरशूला खाली क्लीटसाठी भोक असतं आणि वर पोटरीशी तोंड उघडं. माल महाग घेतला म्हणून भोकं बुजत नाहीत.
आणि ब्रीद करण्याचं म्हणाल तर पडद्यातून घामाची वाफ बाहेर कधी जाते? आत दमट आणि बाहेर त्यापेक्षा कोरडं असेल तेव्हा. लेहला हवा कोरडी, म्हणून तुमचे मोजे खूश. जुलैत घोटीला बाहेरची हवाच ओल्या फडक्यासारखी, त्यात भिजलेला बूट मोज्याला चिकटलेला, घामाने जायचं कुठे?

भावली_बाई (२० जून, सकाळी ७:५०)
आता माझी कथा ऐका. दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफ मोजे घेतले, चांगले महागातले, घोट्याच्या वर चार बोटं येणारे. पहिल्याच रविवारी भावली धरणाची राइड. पहिले दीड तास मी सगळ्यांना चिडवत होते, माझे पाय कोरडे म्हणून. घोटीच्या पुढे जोर धरला. नडगीवरून पाण्याचे ओघळ खाली येतायत, मला वाटलं बुटात जातायत, जाऊ देत. ते जात होते मोज्याच्या तोंडातून आत.
परत येताना टपरीवर थांबले, चालताना पचक पचक आवाज. बूट काढला, मोजा काढून उलटा धरला आणि अक्षरशः धार लागली. चहावाले काका म्हणाले, ताई, बाटली नाही का आणली?
गंमत म्हणजे बरोबरच्या मुलीने साधे मोजे घातले होते, तिचेही पाय ओले पण ती बरी होती, तिचं पाणी आलं तसं बुटाच्या जाळीतून जात होतं. माझं जायला वाटच नव्हती. जे पाणी बाहेरून आत येऊ देत नाही ते आतून बाहेर तरी कसं जाऊ देईल, हे मला दुकानात सुचलं नाही.

अर्धा_कटिंग (२० जून, सकाळी ८:०२)
म्हणजे गंगापूर धरणाला दरवाजे आहेत आणि हजारो रुपयांच्या मोज्याला नाहीत.

पेडल_पंडित (२० जून, सकाळी ११:३०)
ताई, त्यात मोज्याचा दोष नाही. मोज्याचं तोंड रेन पँटच्या आत हवं. पँट बाहेरून खाली आली की पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं, कौलावर कौल ठेवतो तसं. मी हाफ चड्डीवर कधीच घालत नाही.

लीड्सहून_नाशिककर (२० जून, दुपारी १:००)
हे मात्र पंडितांनी लाखातलं सांगितलं. ओव्हरशूलाही तोच नियम. इथे अर्धे लोक टाइट्स घालतात आणि त्यावर ओव्हरशूची झिप ओढतात, दिसायला नीट दिसतं म्हणून. मग टाइट्समधून झिरपत आलेलं पाणी सरळ बुटात. आधी ओव्हरशू, वरून टाइट्सची किंवा पँटची किनार. दिसतं गबाळं, पण तासभर तरी जास्त मिळतो.

निफाडकर (२१ जून, पहाटे ५:४०)
टो कव्हरला कोणी वाली नाही वाटतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ च्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचं तर टो कव्हरसारखी चीज नाही. आठ वाजता ऊन आलं की काढून जर्सीच्या खिशात, लिमलेटच्या गोळ्यांशेजारी. ओव्हरशू खिशात मावतो का?
पावसात मीही वापरत नाही, ते खरं. पण त्र्यंबकरोड, टॅग काढ आणि जानेवारीत इकडे ये, तुझे पैसे वसूल करून देतो.

त्वचेची_डॉक्टर (२१ जून, रात्री ९:१५)
सायकल मी कॉलेज रोडच्या पुढे नेत नाही, पण पाय रोज बघते. पाय तासन् तास ओला आणि थंड राहिला तर गोठण्याइतकी थंडी नसतानाही इजा होते. आधी बधीर, पांढरा किंवा डागडागांचा, मग ऊब आल्यावर लाल, सुजलेला आणि भयंकर दुखरा. एखाद्या राइडने सहसा एवढं होत नाही, पण रात्रभर चालणाऱ्या राइडमध्ये होऊ शकतं. घरी आल्यावर बधीर पाय गरम पाण्याच्या बादलीत टाकू नका, भाजलेलं कळत नाही. पुसा, कोरडे मोजे घाला, पांघरूण घ्या. डायबेटिस असलेल्यांनी "मला काही जाणवत नाही" यावर अजिबात विश्वास ठेवू नये.
निघण्यापूर्वी तळव्याला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन चोळलं तर कातडी उशिरा भिजते. आणि बूट घट्ट नको. रक्त पोचलंच नाही तर वरून काहीही घाला, बोटं गारच.

लीड्सहून_नाशिककर (२१ जून, रात्री १०:००)
डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा अधोरेखित करतो. वॉटरप्रूफ मोजा साध्याच्या दुप्पट जाड असतो. रोजच्या बुटात कोंबला तर बोटं आवळतात आणि ज्यासाठी घेतला त्याच्या उलट होतं. घालून बोटं वरखाली हलवून बघा, हलली नाहीत तर अर्धा-एक नंबर मोठा बूट लागेल, म्हणजे मोज्याच्या किमतीत बुटाची किंमत मिळवा.
आणि पाय गार पडतात ते पुष्कळदा छातीमुळे. धड गारठलं की शरीर हातापायांचं रक्त कमी करतं. त्र्यंबकरोड, तू इगतपुरीला थांबलास तेव्हाच बधीर झालास हे वाचलं. रेनकोट होता का?

त्र्यंबकरोड (२१ जून, रात्री १०:२०)
होता. पण चढात उकडलं म्हणून काढून बॅगेत टाकला होता आणि वडापावच्या नादात घालायचा राहिला.

पंचवटी_पंक्चर (२२ जून, दुपारी २:१०)
माझं सायकलचं दुकान आहे, माल विकायला आलेलो नाही, उलट सांगतो काही घेऊ नका. तुमच्या पायावर पाणी येतं कुठून हे बघितलंय का कोणी? आकाशातून येतं ते थोडं. जास्त येतं पुढच्या चाकावरून, रस्त्यावरचं घाण पाणी उचलून सरळ पायाच्या चवड्यावर मारतं, तासन् तास, पिचकारीसारखं. पाऊस थांबला तरी ते चालूच.
जुन्या सायकलींना पुढे लांब मडगार्ड आणि त्याला खाली रबराची जीभ असायची, दूधवाल्यांच्या सायकलला अजून दिसेल. रस्त्यापासून चार बोटं वर येईल एवढी. तुमच्या कार्बनवाल्या सायकलींना मडगार्ड लावायला भोकंच नसतात, पण पट्ट्यांनी बांधायचे मिळतात. त्याला ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून दोन रिबेटने ठोका. पन्नास रुपये.

लीड्सहून_नाशिककर (२२ जून, संध्या ६:३०)
या माणसाला कोणीतरी हार घाला. इथल्या लांब पल्ल्याच्या क्लबांत मडफ्लॅप नसलेल्याला मागेच ठेवतात, कारण तो स्वतःबरोबर मागच्यालाही आंघोळ घालतो.

घाटमाथा (२२ जून, संध्या ७:००)
माझ्या सायकलला १९९४ पासून आहे तो फ्लॅप. कोणी विचारलं का?

अर्धा_कटिंग (२२ जून, संध्या ७:०४)
काका, तुम्ही सँडलच्या पुढे बोललाच नाहीत.

सिडकोवाला (२५ जून, रात्री ८:५०)
तुम्ही सगळे हसलात म्हणून मी प्रयोग केला. सिलिकॉन कव्हरला खाली कात्रीने क्लीटएवढं भोक पाडलं, पोराची सायकल आणि पोराचे बूट घेऊन सोमेश्वरपर्यंत गेलो. जाताना मस्त. येताना भोकाच्या कडेपासून चीर निघाली ती टाचेपर्यंत, आणि सिग्नलला पाय टेकवला तर सर्रकन घसरला. कव्हर गेलं. पोरगा बोलत नाहीये.

त्र्यंबकरोड (१४ जुलै, रात्री ९:३०)
अपडेट, आणि मोठा आहे. लीड्सकरांचे जुने निओप्रीन ओव्हरशू इंदिरानगरला त्यांच्या आईंकडे पडून होते, ते आणले (काकूंनी पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही). पंडितांनी त्यांचे वॉटरप्रूफ मोजे दिले, आमचा दोघांचा नंबर ४२. आणि काल मी डाव्या पायात साधा मोजा, बूट, वर ओव्हरशू, आणि उजव्या पायात वॉटरप्रूफ मोजा आणि नुसता बूट, असा पाथर्डी फाट्यावरून निघालो. लोकांनी बघितलं, बघू दे.
रूट पाथर्डी फाटा, घोटी, भावली, परत. शंभरच्या आसपास, टपऱ्या धरून सव्वासहा तास. निघताना २४ डिग्री, भावलीला २०. विल्होळीपासूनच पाऊस. मडफ्लॅप मुद्दाम लावला नाही, दोन्ही पायांना सारखा मार बसावा म्हणून. दोन्ही नडग्या उघड्या.
घोटीला पहिली तपासणी. उजवा पाय: बूट चिंब, आत मोजा कोरडा, थोडा घामट. डावा पाय: ओव्हरशू काढला तर बूट वरून कोरडा, पण मोज्याच्या तळाला चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग. म्हणजे पाणी खालून, क्लीटच्या बोल्टच्या भोकातून. आतलं इनसोल काढून बघितलं, तिथेच थेंब होते. इथपर्यंत मोजा जिंकला.
भावलीला दुसरी. पाऊस अंगावर ओतल्यासारखा होता. डावा मोजा आता घोट्याशीही ओला, वरच्या तोंडातून. उजव्याची तीच तऱ्हा, मोज्यात पाणी, बोटं हलवली की डुबूक डुबूक. म्हणजे चूक दोन्हीकडे एकच, नडगीवरून आलेलं पाणी. पण पुढे फरक पडला. डाव्या पायातलं पाणी खालच्या भोकांतून थोडंफार निथळत होतं, आणि पाय कोमट होता. उजव्यातलं जागचं हललं नाही.
घरी येऊन बायकोच्या किचनच्या काट्यावर वजनं केली (पिशवी घालून, उगाच भांडण नको). साधा मोजा ३८ ग्रॅमचा ७१ झाला. वॉटरप्रूफ मोजा ९२ चा २०५. डावा बूट ३० ग्रॅमने वाढला, उजवा ११५ ने. उजव्या पायाची कातडी भिजवलेल्या बदामासारखी झाली होती, डाव्याची फक्त चवड्याखाली.

पेडल_पंडित (१४ जुलै, रात्री ९:५५)
ऑब्जेक्शन. मी सांगितलं होतं तोंड पँटच्या आत हवं. उघड्या नडगीवर टेस्ट म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसीला नावं ठेवणं.

भावली_बाई (१४ जुलै, रात्री १०:१०)
२० डिग्रीत कोण रेन पँट घालतं हो? आत पाय वाफेवर शिजतात.

लीड्सहून_नाशिककर (१४ जुलै, रात्री ११:३०)
पंडितांचं ऑब्जेक्शन बरोबर आहे, त्याला पुन्हा करायला लावा. आणि माझंही एक. २० डिग्रीचा निकाल ६ डिग्रीला लावता येत नाही. तिथे मोज्याचा वेगळा घोळ आहे: आत पाणी नाही आलं तरी बाहेरचा बूट सव्वाशे ग्रॅम बर्फाळ पाणी धरून बसतो आणि त्यावरून वारा वाहतो. पाय कोरडा पण फ्रिजमध्ये. ओव्हरशू बूटच कोरडा ठेवतो, हा त्याचा खरा फायदा.
ती बोल्टची भोकं बुजव. क्लीट काढ, बोल्टला ग्रीस लाव, इनसोलखाली भोकांवर चांगली रुंद टेप लाव. सोलला हवेच्या जाळ्या असतील तर त्यांवरही.

पंचवटी_पंक्चर (१५ जुलै, सकाळी १०:२०)
ग्रीस भरपूर लावा. माझ्याकडे पावसाळ्यानंतर गंजलेले क्लीट बोल्ट येतात, ते ड्रिलने काढावे लागतात.

त्र्यंबकरोड (२० जुलै, रात्री १०:१५)
दुसरी टेस्ट केली. नाशकात ६ डिग्री आणायची कुठून, म्हणून बाल्कनीत जागच्या जागी सायकल चालवायच्या ट्रेनरवर सायकल, समोर फुल स्पीडला टेबल फॅन, आणि मुलीला ड्युटी दिली: दर पाच मिनिटांनी बर्फाच्या बादलीतला एक मग डाव्या बुटावर, एक उजव्यावर. तिला आयुष्यात इतकं आवडीचं काम मिळालं नव्हतं. पंडितांसाठी दोन्हीकडे रेन पँट तोंडावरून खाली. बोल्टची भोकं टेप केलेली. एक तास.
पंडित, तुमचा मोजा आतून कोरडा राहिला, टिपकागद घालून बघितला. तुम्ही जिंकलात. पण पाऊण तासाला उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट बधीर. डाव्या पायात ओव्हरशूच्या आत मोजा थोडा दमट होता, बोटं ठणठणीत. मग शेवटची पंधरा मिनिटं उजव्या बुटावर टॅग काढून टो कव्हर चढवलं, करंगळी परत आली नाही पण दुसरं बोट आलं.

निफाडकर (२० जुलै, रात्री १०:२२)
टॅग काढला!! पेढे.

पेडल_पंडित (२० जुलै, रात्री १०:४०)
एका बादलीवरून ठरवू नका. तुम्हाला तिकडे सायकल ढकलत चिखलात उतरावं लागलं तर माझी आठवण येईल. आणि एकदा बूट एक नंबर मोठा घेऊन करा, करंगळी आवळल्यामुळे गेली असेल.

त्र्यंबकरोड (२० जुलै, रात्री १०:५५)
असेल, बोटं हलायला जागा कमीच होती. ते मला वेगळं करून बघता आलं नाही, दुसरा बूट नाही.

लीड्सहून_नाशिककर (२१ जुलै, दुपारी २:३०)
मग घेतोस काय? नवीन घ्यायचाच नसेल तर माझा घेऊन जा. नवीन घेतलास तर माप बुटाचं घे, पायाचं नको. आणि ओव्हरशू घालायचा क्रम: बूट घालायच्या आधी ओव्हरशू पायात पोटरीपर्यंत चढवून ठेव, मग बूट घाल, लेस बांध आणि वरून तो खाली ओढ. पुढचा भाग आधी बसव, टाच नंतर. झिप ओढताना दोन्ही कडा हाताने जवळ आण, ताणावर ओढलीस तर पहिल्याच महिन्यात दात जातात. वाळवायचा सावलीत, उलटा करून.

त्र्यंबकरोड (२१ जुलै, रात्री ९:००)
तुमचाच नेतो. वाचलेल्या पैशात पट्टीचं मडगार्ड आणि ट्यूबचा फ्लॅप, दाजींच्या सायकलला लावायला. ढकलण्याची वेळ आली तर म्हणून पंडितांचे मोजे बॅगेत, देताय ना?

पेडल_पंडित (२१ जुलै, रात्री ९:०५)
आधी धुतलेत का?

त्र्यंबकरोड (२१ जुलै, रात्री ९:०७)
धुतले, कम्फर्ट घालून छान मऊ केले.

पेडल_पंडित (२१ जुलै, रात्री ९:०८)
कम्फर्ट?? अहो त्या मोज्यांना सॉफ्टनर चालत नाही! लेबलवर लिहिलंय!! उद्या मोज्यात हात घालून बादलीत बुडवून बघा, आत ओलं लागलं तर मला फोन करा. नको, करूच नका.

भावली_बाई (२१ जुलै, रात्री ९:२०)
पंडित, निदान वास तरी चांगला येईल.